फोनचा कॅल्क्युलेटर, कन्व्हर्टर आणि न जुळणारे हिशेब

"फोनचा कॅल्क्युलेटर बिघडलाय" ही तक्रार आमच्या घरात महिन्यातून एकदा तरी येतेच. मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे ती माझ्याच माथी येते. आजवर एकदाही कॅल्क्युलेटर बिघडलेला निघाला नाही. दर वेळी फोनला जे विचारलं गेलं ते एक होतं आणि विचारणाऱ्याच्या मनात दुसरंच होतं. घरात वारंवार येणारे प्रकार इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी फोन न करता ज्याला त्याला तपासता येईल.

सुरुवात टक्क्याच्या बटणापासून. दादाने मिक्सर घेतला, ५,९०० रुपयांचा, १८ टक्के जीएसटी धरून. ऑफिसच्या क्लेममध्ये मूळ किंमत आणि कर वेगवेगळे लिहायचे होते, म्हणून त्याने फोनवर असं मारलं:

```
5900 - 18% = 4838
```

बिलावर मात्र मूळ किंमत ५,००० छापलेली. १६२ रुपयांचा फरक. दादाचं म्हणणं, दुकानदाराने लबाडी केली. दुकानदार बरोबर होता. कर ५,००० वर लागलाय, ५,९०० वर नाही. फोनने ५,९०० चे १८ टक्के काढले, म्हणजे १,०६२, आणि तेवढे वजा केले. करासकट रकमेतून कर बाहेर काढायचा तर भागावं लागतं:

```
5900 / 1.18 = 5000
```

कर ५ टक्के असेल तर १.०५ ने भागा. उत्तर बरोबर आलं की नाही हे बघायला त्याच आकड्याला पुन्हा १.१८ ने गुणा. ५,९०० परत आले तर ठीक. ४,८३८ ला १.१८ ने गुणलं की ५,७०८.८४ येतात, तिथेच चूक उघडी पडते. उलटं गुणून बघायला पाच सेकंद लागतात. दादाशी मात्र अर्धा तास वाद झाला.

दुसरी गोष्ट, `%` हे बटण सगळ्या कॅल्क्युलेटरमध्ये सारखं वागत नाही. एकदाच `100 + 10%` मारून बघा. ११० आलं तर तुमचा कॅल्क्युलेटर 'आधीच्या आकड्याचे दहा टक्के' असं समजतो. १००.१ आलं तर तो दहा टक्के म्हणजे नुसते ०.१ धरतो. दोन्हीत चूक कुणाचीच नाही, पण फोन बदलला की हा फरक अचानक अंगावर येतो. मी स्वतः ते बटण वापरणंच सोडलंय. वाढवायचं तर १.१०, १.१८ ने गुणायचं आणि सूट काढायची तर ०.९०, ०.८० ने. 'चाळीस टक्के सूट, वर आणखी वीस' अशी पाटी दिसली की ०.६ गुणिले ०.८, म्हणजे ०.४८. द्यायचे ४८ टक्के, सूट ५२ ची. साठची नव्हे, पाटी वाचताना कितीही साठ वाटली तरी.

किराणा दुकानातला गोंधळ याच्याच शेजारचा. आईने २५० रुपयांचा आटा घेतला आणि ४० ची दोन साबणं. घरी येऊन तिने बाबांच्या टेबलावरचा जुना, मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर घेतला आणि `250 + 40 × 2` मारलं. उत्तर ५८०. दुकानदाराने घेतले होते ३३०. आई इतकी प्रामाणिक की बाकीचे अडीचशे द्यायला परत निघाली होती.

टेबलावरचा साधा कॅल्क्युलेटर बटणं दाबाल तसतसा हिशेब पुढे नेतो. २५० आणि ४० ची बेरीज २९०, तिची दुप्पट ५८०. फोनवर सगळी ओळ दिसते आणि तो गुणाकार आधी करतो, त्यामुळे तिथे ३३० येतात. दुकानदार त्याच जातीच्या कॅल्क्युलेटरवर बरोबर उत्तर काढतो, कारण तो मेमरीची बटणं वापरतो: `250 M+`, मग `40 × 2 M+`, शेवटी `MR`. गल्ल्यावर बोटं भरभर चालताना बघा, `M+` चा ठेका ऐकू येतो. घरी एवढं करायचं नसेल तर गुणाकार आधी करून घ्या आणि बेरीज नंतर.

आता स्वयंपाकघर. इथे तक्रारी सगळ्यात जास्त, आणि त्या बहुतेक वहिनीच्या. ती घरून केकच्या ऑर्डरी घेते. तिच्या न्यू जर्सीच्या बहिणीने एका केकची कृती पाठवली: दोन कप मैदा, एक कप साखर, अर्धा कप बटर, ओव्हन ३५० फॅरनहाइटवर. वहिनीने फोनवर दोन कपांचं रूपांतर केलं, ४८० आलं, आणि तिने वजनकाट्यावर ४८० ग्रॅम मैदा मोजला. संध्याकाळी फोन आला, "अगं, हे केकचं मिश्रण आहे की भाकरीचं पीठ? चमचा उभा राहतोय यात."

कन्व्हर्टरने ४८० मिलिलिटर सांगितले होते. वहिनीने ते ग्रॅम म्हणून वाचले. पाण्याच्या बाबतीत हे चालून जातं, एक मिलिलिटर पाणी म्हणजे जवळपास एक ग्रॅम. मैदा हलका असतो, त्याच्या कणांच्या मधे हवा असते. २४० मिलिलिटरच्या कपात सैल भरलेला मैदा साधारण १२० ते १२५ ग्रॅम बसतो. म्हणजे दोन कप म्हणजे २५० ग्रॅमच्या आसपास, आणि वहिनीने जवळजवळ दुप्पट घातला. त्याच कपात साखर साधारण २०० ग्रॅम बसते आणि बटर २२७. एकाच मापाची ही तीन वेगळी वजनं. आकारमानाचं वजन करायला पदार्थ कोणता हे माहीत असावं लागतं, आणि फोनमधल्या कन्व्हर्टरमध्ये ते विचारणारा रकानाच नसतो. 'व्हॉल्यूम'मधून 'मास'मध्ये तो जाऊच देत नाही. त्याने जाऊ दिलं नाही की समजावं, मधे काटा हवा.

आम्ही शेवटी असं केलं. वहिनीचा रोजचा कप घेतला, पाण्याने भरून काट्यावर ठेवला, २४० च्या जवळ आहे याची खात्री केली. मग ती नेहमी भरते तसाच मैदा तीनदा भरला. वजनं आली १२६, १३१ आणि १२४. सरासरी १२७. हा तिच्या हाताचा आकडा. मैदा कपात दाबून भरणाऱ्याचा १४५-१५० सुद्धा येतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन उपयोग नाही. साखरेचं, रव्याचं, कोकोचं तसंच केलं आणि सगळे आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. आता कृतीतले कप गुणिले दारावरचा आकडा, एवढाच हिशेब राहतो.

कप कुठला, हाही प्रश्न येतो. कन्व्हर्टरच्या यादीत अमेरिकी कप कुठे २३६.६ तर कुठे २४० मिलिलिटर दिसतो, मेट्रिक कप २५०, आणि 'इम्पीरियल कप' २८४. पहिल्या तिघांतल्या फरकाने केक बिघडत नाही. पण यादीत बोट घसरून इम्पीरियल निवडलं गेलं तर अमेरिकी कृतीत प्रत्येक कपाला जवळपास पाचवा हिस्सा जास्त पडतो. पडद्यावर २८४ दिसलं की आधी यादी उघडून एकक बदला. औंसाचंही असंच दुहेरी आहे. `fl oz` हे आकारमान, सुमारे २९.६ मिलिलिटर, आणि नुसतं `oz` हे वजन, २८.३५ ग्रॅम. दुधाला पहिलं, चॉकलेटला दुसरं.

तापमानात वहिनीला एक फारच मजेशीर उत्तर मिळालं. ३५० फॅरनहाइटचे १७६.६७ सेल्सिअस फोनने बरोबर दिले. कृतीत पुढे लिहिलं होतं की पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान २५ अंश फॅरनहाइटने कमी ठेवा. वहिनीने २५ टाकले आणि उत्तर आलं उणे ३.८९. तिने मला विचारलं, "कमी करायचं ते उणे, म्हणजे वाढवायचं का?"

फोनला वाटलं तिला २५ फॅरनहाइट तापमान म्हणजे किती ते हवंय. ते खरोखरच गोठणबिंदूखाली आहे, कारण फॅरनहाइटमध्ये पाणी ३२ वर गोठतं. कन्व्हर्टर ते ३२ आधी वजा करतो आणि मग ५/९ ने गुणतो. तापमानातला फरक बदलायचा असेल तर ३२ मधे येतच नाहीत, नुसतं ५/९ ने गुणायचं. २५ चे झाले सुमारे १४. किंवा वजाबाकी आधी फॅरनहाइटमध्येच उरकायची, ३५० वजा २५, म्हणजे ३२५, आणि त्याचं रूपांतर करायचं. १६२.८ येतं. ओटीजीच्या बटणावर १६० च्या खुणेच्या किंचित पुढे. दशांश विसरून जा, त्या बटणाला तेवढी नजर नसते.

आणखी एक, केकच्या टिनचं. कृती आठ इंची टिनची आणि ऑर्डर सहा इंचीची असली की वहिनी सगळं पाऊणपट करायची, कारण सहा भागिले आठ ०.७५. मग टिनबाहेर ओघळायचं. टिनचा तळ हे क्षेत्रफळ आहे, त्यामुळे व्यासाचा वर्ग घ्यायचा:

```
(6 × 6) / (8 × 8) = 0.5625
```

निम्म्यापेक्षा थोडंसंच जास्त. २५० ग्रॅम मैद्याचे १४१ ग्रॅम होतात. तीन अंड्यांची १.७ अंडी होतात, ती कशी घ्यायची हे कन्व्हर्टर सांगत नाही. दोन अंडी फेटून काट्यावर ८५ ग्रॅम ओतून घ्यायची (कवचाशिवाय एक अंडं साधारण ५० ग्रॅम भरतं), उरलेल्याचं दादाला ऑम्लेट.

प्रवासाचा हिशेब मात्र आमच्या अंगाशी आला, कारण तिथे पैसे खरे जातात. गेल्या वर्षी आई-बाबांना घेऊन व्हिएतनामला गेले होते. तिथलं चलन डाँग. हिशेबाला सोपं म्हणून एक रुपया म्हणजे ३०० डाँग धरू, आम्ही गेलो तेव्हा साधारण तेवढंच होतं. तुम्ही जाल तेव्हाचा दर तुम्ही बघा.

हनोईत पहिल्याच सकाळी कॉफीच्या दुकानात पाटीवर `35.000` लिहिलेलं. आईने ते जसंच्या तसं कन्व्हर्टरमध्ये टाकलं. उत्तर आलं ०.१२ रुपये. "बारा पैशांत कॉफी! अहो, आणखी दोन सांगा." तिकडे हजाराच्या जागी स्वल्पविराम देत नाहीत, टिंब देतात. पस्तीस हजार हे ३५.००० असं लिहिलं जातं. आपल्या फोनला टिंब म्हणजे दशांश, त्यामुळे त्याने पस्तीस डाँगचे पैसे सांगितले. खरी किंमत ११७ रुपयांच्या आसपास. युरोपातही बऱ्याच देशांत हीच पद्धत आहे, तिथे तर स्वल्पविराम दशांशासाठी वापरतात. डाँगच्या पाटीवरची विरामचिन्हं कन्व्हर्टरमध्ये टाकायचीच नाहीत, नुसते आकडे टाकायचे, हा त्यावरचा उपाय. युरोपात मात्र दशांशाच्या स्वल्पविरामाच्या जागी टिंब टाकायचं. काही ठिकाणी नुसतं `35k` लिहितात, तेही पस्तीस हजारच.

फोन काढायचाच नसेल तर तीनशेच्या दराला एक सोपी युक्ती आहे. मागची तीन शून्यं झाका, उरलेल्या आकड्याला तीनने भागा आणि एक शून्य लावा. ३५ भागिले ३ म्हणजे ११.७, शून्य लावून ११७. बाबांना ही इतकी आवडली की ते रिक्षातून जाताना दुकानांच्या पाट्या वाचत सुटले. दर बदलला की युक्तीही बदलते, त्यामुळे निघण्याआधी आपली आपण बनवून घ्यावी.

नोटांकडेही लक्ष असू द्या. २०,००० ची नोट निळसर आणि ५,००,००० ची पण निळसरच. पहिली ६७ रुपयांची, दुसरी १,६६७ ची. संध्याकाळी रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यात आईने पहिलीऐवजी दुसरी काढली होती. फळवालीने स्वतःच परत दिली, म्हणून वाचलो. त्या रात्री मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात गेल्या.

आता नेहमीचा प्रश्न: कन्व्हर्टरमध्ये दहा हजार दिसत होते, कार्डाच्या बिलात जास्त कसे आले? हॉटेलचं बिल होतं ३० लाख डाँग. (कागदावर `3.000.000`, बाबांच्या फोनवर ३०,००,०००. दोन्हीकडची शून्यं बोटाने मोजली, सहा भरली, तेव्हा बाबांना धीर आला.) फोन म्हणाला १०,००० रुपये. फोनमध्ये दिसतो तो मधला दर, म्हणजे चलन विकणारे आणि घेणारे यांच्या भावांच्या मधोमधचा. त्या भावाने सामान्य माणसाला कुणी पैसे बदलून देत नाही. कार्डाचं नेटवर्क स्वतःचा दर लावतं, तो मधल्या दराच्या जवळ असतो. त्यावर बँक परकीय चलनाचं शुल्क घेते, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. आमच्या कार्डाचं शुल्क ३.५ टक्के. जीएसटी धरून ते ४.१३ होतं:

```
3.5 × 1.18 = 4.13
10000 × 1.0413 = 10413
```

म्हणजे बिलात १०,४१३ च्या आसपास यायला हवेत. तुमच्या कार्डाचं शुल्क कार्डासोबतच्या दरपत्रकात दिलेलं असतं. एकदा शोधून हा गुणाकाराचा आकडा फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा आणि परदेशात प्रत्येक कन्व्हर्टरच्या उत्तराला त्याने गुणा.

कार्ड मशीनमध्ये घातल्यावर मात्र पडद्यावर दोन पर्याय आले. एकीकडे `VND 3,000,000`, दुसरीकडे `INR 10,650`. बाबा लगेच म्हणाले, "रुपयांत घे, म्हणजे किती गेले ते कळेल." दिसायला रास्त वाटतं. पण रुपयांचा तो दर आपल्या बँकेचा नसतो, समोरच्या मशीनवाल्या कंपनीचा असतो, आणि तिचा नफा त्यातच मुरलेला असतो. फोनवर तिथल्या तिथे तपासता येतं:

```
3000000 / 10650 = 281.7
```

रुपयाला ३०० च्या जागी २८१.७ डाँग, म्हणजे साडेसहा टक्के महाग. डाँगमध्ये दिलं तर बँकेचं शुल्क धरूनही १०,४१३. शिवाय रुपये निवडले तरी व्यवहार परदेशातला म्हणून काही बँका वेगळं शुल्क लावतातच. मी डाँग निवडलं. एटीएममध्येही हा प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, 'हा दर मान्य आहे का' असा. तिथे नाकारलं की बाबांना वाटलं पैसे निघणारच नाहीत. निघतात. नकार फक्त त्या दराला असतो, आपल्या बँकेच्या दराने व्यवहार पुढे चालू राहतो.

रोख पैशांचा दर आणखी वेगळा पडतो. आम्ही पुण्यात रुपयांचे डॉलर घेतले आणि तिकडे डॉलरचे डाँग. दोनदा बदल, दोनदा घट. हातात आलेला दर काढायचा तर मधल्या डॉलरचा विचारच करायचा नाही. गेलेले रुपये आणि मिळालेले डाँग, एवढंच बघायचं. ५०,००० रुपये गेले, १,४५,५०,००० डाँग मिळाले, तर भागाकार २९१. तो आमचा खरा दर. बाजारातली घासाघीस आम्ही या २९१ वर केली, फोनमधल्या ३०० वर नाही.

फोनमधला दर शिळा असणं हीही नेहमीची तक्रार. कन्व्हर्टर दर इंटरनेटवरून आणतो. विमानतळावर नेट नसेल तर तो शेवटचा साठवलेला दर दाखवतो आणि तसं ठळकपणे सांगतोच असं नाही. दराखाली बारीक अक्षरात तारीख-वेळ असते, ती आधी वाचायची. शनिवार-रविवारी आकडा हलला नाही तर घाबरू नका, चलनबाजार तेव्हा बंदच असतो.

कार्डाचं बिल शेवटी १०,४३८ आलं, अंदाजापेक्षा २५ रुपये जास्त. कार्ड घासलं त्या दिवशी बँकेने रक्कम फक्त रोखून ठेवली होती, खरी नोंद दोन दिवसांनी झाली आणि दर त्या दिवसाचा लागला. एवढा फरक मी सोडून देते. एक सहल रद्द होऊन तिचे पैसे परत आले, त्यात मात्र गेल्यापेक्षा चारशेहून जास्त रुपये कमी आले. डाँग तेवढेच होते. जाताना लागलेलं शुल्क बँकेने परत केलं नव्हतं आणि परतीचा दर वेगळ्या दिवसाचा होता. बाबांनी ते डायरीत 'व्हिएतनाम, बुडीत' या रकान्यात लिहून ठेवलंय, तारखेसकट.